पावती आहे, पण कोणत्या तारखेची?

एप्रिल २०११ मध्ये एका गृहस्थाने आयुर्विमा महामंडळाची, म्हणजे एलआयसीची, पॉलिसी घेतली. विम्याची रक्कम पावणेचार लाख रुपये. अपघाताने मृत्यू आल्यास आणखी पावणेचार लाख मिळतील, अशी सोबत जोड. हप्ता सहामाही होता. पहिला १४ एप्रिलला भरला गेला, दुसरा १४ ऑक्टोबर २०११ला यायचा होता. तो राहून गेला. ६ मार्च २०१२ला त्यांना अपघात झाला, ९ मार्चला थकलेला हप्ता भरण्यात आला आणि २१ मार्चला त्यांचे निधन झाले.

हप्ता भरल्याची पावती घरात होती. महामंडळाने मूळ पावणेचार लाख दिलेही. अडले ते अपघाताच्या वरच्या रकमेवर. पत्नी ग्राहक मंचाकडे गेली, प्रकरण वरवर चढत राष्ट्रीय आयोगापर्यंत पोहोचले आणि तिथे निकाल तिच्या बाजूने लागला. मग महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारण साधे होते. अपघाताच्या फायद्यासाठी अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, ही करारातली अट होती. ६ मार्चला ती चालू नव्हती. ९ मार्चची पावती खरी होती, पण ती मागच्या तीन दिवसांना लागू होत नव्हती. शिवाय हप्ता स्वीकारताना अपघात झाला आहे, हे महामंडळाला सांगितलेच गेले नव्हते, याकडेही न्यायालयाने बोट दाखवले.

विम्याच्या कागदांत माणसे सहसा एकच प्रश्न विचारतात: ‘पैसे भरलेत ना?’ खरा प्रश्न वेगळा असतो. अमुक दिवशी, म्हणजे मृत्यूच्या, अपघाताच्या किंवा नुसत्या आजच्या दिवशी, पॉलिसी चालू होती का? त्याचे उत्तर भरलेल्या रकमेत सापडत नाही, तारखांत सापडते. आणि त्या तारखा ज्याच्या त्याच्या घरातच, प्लास्टिकच्या पिशवीत पावत्यांवर छापलेल्या असतात.

हप्त्याच्या कोणत्याही पावतीवर निदान तीन तारखा असतात. एक, पैसे कधी भरले ती. दुसरी, हे पैसे कोणत्या हप्त्यापोटी जमा झाले ती, म्हणजे देय तारीख. तिसरी, पुढचा हप्ता कधी येणार ती. आपल्याकडे बहुतेकांची नजर पहिल्या तारखेवर आणि रकमेवर जाते, कारण ती ‘आपली’ तारीख असते. आपण त्या दिवशी रांगेत उभे होतो. पॉलिसीला मात्र त्या दिवसाशी फारसे देणेघेणे नसते. तिचे घड्याळ सुरू होते पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून, जी पॉलिसीच्या पहिल्या पानावर असते. हप्ता सहामाही असेल तर त्या तारखेपासून दर सहा महिन्यांनी एक देय तारीख पडते आणि ती कधीच सरकत नाही. यंदाचा हप्ता कुणी वीस दिवस उशिरा भरला म्हणून पुढचा हप्ता वीस दिवस पुढे जात नाही. ‘मागच्या वेळी डिसेंबरात भरला होता, म्हणजे आता जूनमध्ये,’ हा हिशेब मनातल्या मनात घातला जातो आणि तिथेच चूक होते.

एलआयसीच्या शाखेत किंवा पोर्टलवर पॉलिसीची स्थिती पाहिली की ‘FUP’ अशी तीन अक्षरे आणि पुढे एक तारीख दिसते. एजंट मंडळी तिला एफयूपी म्हणतात. अर्थ असा: आजवर न भरलेल्या हप्त्यांपैकी सर्वांत पहिल्या हप्त्याची तारीख. पॉलिसीची सगळी कुंडली या एका तारखेत मावते. एफयूपी पुढच्या काळातली असेल तर काळजी नाही. ती मागे पडली असेल, पण सवलतीच्या मुदतीत असेल, तर पॉलिसी अजून चालू आहे. मुदतही संपली असेल, तर पॉलिसी लॅप्स झालेली आहे. तिच्यावर आधी किती हप्ते भरलेत त्यावरून काही उरले आहे का, हा पुढचा भाग. पडद्यावर शेजारीच ‘चालू’ किंवा ‘लॅप्स’ असा शब्दही असतो; तो वाचावा, पण विश्वास तारखेवर ठेवावा. तारखेवरून शब्द काढता येतो, शब्दावरून तारीख काढता येत नाही.

सवलतीची मुदत, ज्याला सगळे ग्रेस पिरियड म्हणतात, ती आयुर्विम्यात ठरलेली आहे. हप्ता महिन्याचा असेल तर १५ दिवस. तिमाही, सहामाही किंवा वार्षिक असेल तर ३० दिवस. एलआयसीच्या पॉलिसीत या दुसऱ्या प्रकारासाठी शब्दरचना जरा विचित्र असते: एक महिना, पण तीस दिवसांपेक्षा कमी नाही. हे शेपूट फेब्रुवारीसाठी आहे. देय तारीख ३० जानेवारी असेल तर एक महिना मोजताना फेब्रुवारी आधीच संपतो आणि विमेदाराला तीस दिवसही मिळत नाहीत. म्हणून मुदत १ मार्चपर्यंत जाते. शेवटचा दिवस रविवार किंवा सुट्टीचा आला, तर एलआयसीत लगेचच्या कामाच्या दिवशी भरलेला हप्ता वेळेत धरला जातो.

या मुदतीत विमा बंद नसतो, हे अनेकांना ठाऊक नसते. देय तारीख उलटून बारा दिवस झालेत, हप्ता भरलेला नाही आणि विमेदार गेला, तर दावा मान्य होतो. थकलेला हप्ता तेवढा रकमेतून कापून घेतला जातो. उलट, मुदत संपल्यानंतरच्या दिवशी तीच घटना घडली तर चित्र एकदम बदलते. आणि मुदत मोजायची ती देय तारखेपासून. आठवणीचा मेसेज आला त्या दिवसापासून नव्हे, एजंटाचा फोन आला त्या दिवसापासूनही नव्हे. जुना मोबाइल नंबर नोंदलेला असल्याने मेसेज कुणा तिसऱ्याच्याच फोनवर जात राहतात, तरी देय तारीख थांबत नाही.

वरच्या प्रकरणात हे लावून पाहावे. देय तारीख १४ ऑक्टोबर, महिन्याची मुदत १४ नोव्हेंबरपर्यंत. तिथून ६ मार्चच्या अपघातापर्यंत जवळपास पावणेचार महिने होतात. अपघात मुदतीत बसत नाही, आणि हप्ता तर अपघातानंतर भरलेला. तारखा एका ओळीत मांडल्या की निकाल आधीच दिसू लागतो.

आता एक मनाचे उदाहरण घेऊ, कारण प्रत्यक्षातली पिशवी इतकी सरळ नसते. समजा, साताऱ्याच्या एका किराणा दुकानदाराची एलआयसीची पाच लाखांची, वीस वर्षांची पॉलिसी आहे. सुरुवात २८ मार्च २००८. हप्ता सहामाही, म्हणजे दर २८ मार्च आणि २८ सप्टेंबरला. वीस वर्षांत एकूण चाळीस हप्ते. २०२३ अखेरपर्यंत सोळा वर्षांचे बत्तीस हप्ते भरलेले असायला हवेत. मुलाने पावत्या मोजल्या तर एकतीसच निघाल्या. एक हप्ता राहिला की पावती हरवली?

इथे पावत्या भरल्याच्या तारखेने नव्हे, तर देय तारखेने लावाव्या लागतात. मुलाने तसे लावले. २८ मार्च २०११ नंतरची पुढची पावती ११ एप्रिल २०१२ची निघाली आणि तिच्यावर ‘२८ सप्टेंबर २०११ ते २८ मार्च २०१२’ असे दोन हप्ते, शिवाय उशिराच्या व्याजाची ओळ होती. म्हणजे पावती हरवली नव्हती. एकाच कागदात दोन हप्ते होते. बत्तीसचे बत्तीस भरले गेले होते. पुढे प्रत्येक पावतीवरची ‘पुढचा हप्ता’ ही तारीख आणि तिच्या नंतरच्या पावतीवरची देय तारीख जुळते का, एवढेच पाहत जायचे. साखळी जिथे तुटेल तिथे एकतर कागद हरवलेला असतो किंवा हप्ता थकलेला. दोन्हींचा उलगडा शाखेतून किंवा पोर्टलवरून मिळणाऱ्या हप्त्यांच्या उताऱ्याने होतो.

ती जोडपावती आणखीही काही सांगत होती. २८ सप्टेंबर २०११चा हप्ता राहिला, मुदत २८ ऑक्टोबरला संपली आणि ११ एप्रिलपर्यंत पॉलिसी लॅप्स होती. घरात कुणालाच ते माहीत नव्हते. दुकानदाराच्या लेखी तो ‘जरा उशिरा भरलेला’ हप्ता होता. त्या साडेपाच महिन्यांत काही झाले असते तर?

उत्तर एका आकड्यात मिळत नाही. एलआयसीच्या जुन्या पॉलिसींना एक खास सवलत आहे. निदान तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेले असतील आणि पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून सहा महिन्यांच्या आत विमेदाराचा मृत्यू झाला, तर विम्याची पूर्ण रक्कम थकीत हप्ते कापून दिली जाते. पाच पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेले असतील तर हीच सवलत बारा महिने चालते. आपल्या दुकानदाराने सप्टेंबर २०११पर्यंत साडेतीन वर्षांचे, म्हणजे सात हप्ते भरले होते. त्यामुळे २८ मार्च २०१२पर्यंत त्याच्या घरच्यांना सहा महिन्यांच्या सवलतीचा आधार होता. त्यानंतरचे दोन आठवडे मात्र तोही नव्हता. त्या पंधरवड्यात पॉलिसीची किंमत चाळीसपैकी सात हप्त्यांइतकीच होती: पाच लाख गुणिले सात भागिले चाळीस, म्हणजे ८७,५०० रुपये, अधिक तोवर जमा झालेला बोनस. पाच लाखांच्या विम्याचा हा पंधरवडा कसा कोणाला न कळता निघून गेला, ते त्या एका पावतीवरून आज इतक्या वर्षांनीही वाचता येते.

ही सवलत सर्व पॉलिसींना नाही, हे सांगायलाच हवे. नव्या योजनांपैकी काहींमध्ये ‘ऑटो कव्हर’ नावाने अशी तरतूद करारातच लिहिलेली असते आणि तिचे कालावधी वेगळे असतात; काहींत ती नसतेच. खासगी कंपन्यांच्या पॉलिसींत तर प्रत्येकाचा करार वेगळा. निव्वळ टर्म पॉलिसीत मुदतीअखेर काही मिळायचे नसते, त्यामुळे सर्वसाधारणपणे मुदत संपली की काहीच शिल्लक राहत नाही. पंधरा वर्षे नियमित भरलेले असले तरीही. शेजाऱ्याच्या पॉलिसीला मिळाले म्हणून आपल्याला मिळेल, हे गृहीत धरणे इथे फार महागात पडते.

दुकानदाराच्या पॉलिसीची पुढची कथा अशी. बत्तिसावा हप्ता भरल्यावर एफयूपी २८ मार्च २०२४ झाली. सवलतीचा शेवटचा दिवस २८ एप्रिल, आणि तो नेमका रविवार होता, म्हणून सोमवार २९ एप्रिलपर्यंत भरला असता तरी चालले असते. समजा तोही राहिला. पाच वर्षांहून अधिक हप्ते भरलेले असल्याने बारा महिन्यांची सवलत २८ मार्च २०२५पर्यंत. त्यापुढे पॉलिसी पेड-अप, म्हणजे हप्ते थांबलेल्या अवस्थेत: पाच लाख गुणिले बत्तीस भागिले चाळीस, चार लाख, अधिक जमा बोनस. अपघाताचा वेगळा फायदा पेड-अप पॉलिसीत उरत नाही. ‘लॅप्स’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या अवस्था असतात, ते यावरून दिसते. पहिल्या वर्षातच हप्ता थांबलेल्या माणसासाठी तो शब्द जवळपास शून्य सांगतो आणि सोळा वर्षे भरणाऱ्यासाठी चार लाख. तरीही दोघांच्याही पडद्यावर शब्द तोच येऊ शकतो.

आतापर्यंत एक गोष्ट गृहीत धरली: पैसे दिले म्हणजे ते पोहोचले. नेमके तिथेच निम्मे घोळ होतात.

१९८७ सालचे एक प्रकरण विमा क्षेत्रात आजही सांगितले जाते. विमेदाराचा सहामाही हप्ता मार्चमध्ये देय होता आणि थकला होता. जूनच्या सुरुवातीला त्याने एजंटाकडे हप्त्यासाठी बेअरर चेक दिला. चेक दुसऱ्याच दिवशी वटवला गेला. पैसे मात्र एजंटाच्या हाती राहिले. ९ ऑगस्टला विमेदार अपघातात गेला, आणि १० ऑगस्टला एजंटाने हप्ता शाखेत भरला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महामंडळाच्या बाजूने निकाल दिला. एजंटाला हप्ता गोळा करण्याचा अधिकार महामंडळाने दिलेला नव्हता. एजंटांच्या नियमांतच तसे लिहिलेले होते. म्हणून एजंटाला पैसे देणे म्हणजे महामंडळाला पैसे देणे नव्हे. जूनमध्ये खात्यातून रक्कम गेली होती, यात वादच नव्हता. तरी विम्याच्या दृष्टीने हप्ता भरला गेला तो १० ऑगस्टला.

आजही आपल्याकडे हप्त्याची रक्कम एजंटाच्या हाती देण्याची पद्धत गावोगाव आहे, आणि बहुतेक एजंट ती इमानाने भरतातही. काही अनुभवी एजंटांना महामंडळाने प्रीमियम पॉइंट चालवायची रीतसर परवानगी दिली आहे; तिथे पैसे देताच छापील पावती निघते. फरक ओळखायचा तो याच पावतीवरून. डायरीत केलेली नोंद, ‘पाठवतो’ म्हणून दिलेले आश्वासन किंवा एजंटाच्या वैयक्तिक खात्यावर केलेले यूपीआय, यांपैकी कशानेही एफयूपी पुढे सरकत नाही. आठवड्याभरात पोर्टलवर ती सरकली का, हे पाहणे एवढाच पुरावा. चेकचेही तसेच. पावती हातात मिळाली तरी चेक वटला नाही तर ती रद्द होते.

बँकेतून आपोआप कपात होणाऱ्या हप्त्यांची फसगत जरा निराळी. पासबुकात कपातीची ओळ दिसली की माणूस निर्धास्त होतो. पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तीच रक्कम परत जमा झाल्याची ओळ, आणि तिच्याखाली परतीचा दंड, हेही पाहावे लागते. खात्यात पुरेशी शिल्लक नव्हती की कपात परत जाते. मासिक हप्त्यात मुदत पंधराच दिवसांची, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या कपातीपर्यंत ती संपून गेलेली असते. पगाराचे खाते बदलले, जुने खाते बंद केले आणि विम्याची परवानगी त्याच खात्यावर राहिली, असे नोकरी बदलणाऱ्या तरुणांच्या बाबतीत सर्रास होते. बँकेचा बारा महिन्यांचा उतारा काढून हप्त्याच्या ओळी मोजल्या तर मासिक पॉलिसीत बारा दिसायला हव्यात. परत आलेल्या वजा करून. अकरा भरल्या तर कोणता महिना गळला ते शोधायचे.

रकमेत थोडा फरक दिसला म्हणून मात्र घाबरू नये. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पावत्यांवरची रक्कम वेगळी असणारच.

राहिली पगारातून होणारी कपात. महाराष्ट्रातल्या असंख्य शिक्षकांच्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरी ही सॅलरी सेव्हिंग योजनेतली पॉलिसी असते. कार्यालय पगारातून हप्ता कापते आणि सर्वांची मिळून रक्कम महामंडळाकडे पाठवते. कर्मचाऱ्याला वेगळी पावती सहसा मिळतच नाही. त्याची पावती म्हणजे पगारपत्रकातली ती ओळ. बदली झाली, बिनपगारी रजा पडली, कार्यालय बदलले की मधला एखादा महिना गळतो. त्याला ‘गॅप’ म्हणतात. वीस वर्षांनी मुदत पूर्ण झाल्यावर ‘तुमचे तीन हप्ते आलेले नाहीत’ असे ऐकायला मिळते ते यामुळे.

इथे न्यायालयाचा कल १९८७च्या प्रकरणापेक्षा उलटा पडला आहे. दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले की, या योजनेत हप्ता गोळा करण्याचे काम महामंडळानेच मालकाकडे सोपवलेले असते. कर्मचाऱ्याशी महामंडळाचा थेट व्यवहार नसतो. म्हणून मालकाने हप्ता पाठवला नाही, तर त्याचा भुर्दंड कर्मचाऱ्याच्या कुटुंबावर टाकता येणार नाही. २००५ च्या आणखी एका निकालात तीच भूमिका कायम राहिली. म्हणजे एजंटाला दिलेला चेक पोहोचला नाही तर नुकसान विमेदाराचे. कार्यालयाने कापलेला हप्ता पोहोचला नाही तर जबाबदारी महामंडळाची. या भेदापायी जुनी पगारपत्रके रद्दीत घालणे धोक्याचे ठरते. गॅप निघाला तर ‘त्या महिन्यात कपात झाली होती’ हे दाखवणारा तोच एकमेव कागद असतो.

आयुर्विम्याची ही मुदत इतर विम्यांना जशीच्या तशी लावता येत नाही. आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता मुदतीनंतरच्या तीस दिवसांत भरला तर जुन्या आजारांसाठी मोजलेली वर्षे वाया जात नाहीत. पण मधल्या दिवसांत रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर ते बिल कंपनी देत नाही. हप्ता मासिक किंवा तिमाही असेल तर मात्र २०२४च्या नियमांनुसार मुदतीतही विमा चालू राहतो. मोटारीच्या विम्यात मुदत वगैरे काही नाही. ज्या मध्यरात्री तो संपतो, त्यानंतर गाडी बिनविम्याची.

खेड्यापाड्यांत सर्वांत जास्त पसरलेली आहे ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. दोन लाखांचा विमा, वर्षाला ४३६ रुपये, १ जून ते ३१ मे असे वर्ष. हप्ता मेअखेरीस बचत खात्यातून आपोआप जातो. खात्यात तेवढी शिल्लक नसली तर विमा थांबतो, आणि पुन्हा सामील झाल्यावर पहिले तीस दिवस अपघाताखेरीज अन्य कारणाने आलेल्या मृत्यूची भरपाई नसते. तपासणी सोपी आहे: दरवर्षी पासबुक भरून घेताना मे महिन्याचे पान उघडून ४३६ची ओळ शोधायची. मे २०२२पर्यंत ती ३३० रुपयांची होती.

लॅप्स झालेली आयुर्विम्याची पॉलिसी पुन्हा चालू करता येते. त्याला पुनरुज्जीवन म्हणतात. सध्याच्या पारंपरिक पॉलिसींत त्यासाठी पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षे मिळतात, बाजाराशी जोडलेल्या युलिपमध्ये तीन. थकीत हप्ते, त्यांवरचे व्याज आणि प्रकृतीबद्दलचे निवेदन द्यावे लागते. वय आणि रक्कम पाहून वैद्यकीय तपासणीही लागू शकते. या निवेदनाकडे लोक एक फॉर्म म्हणून पाहतात आणि एजंटाने भरलेल्या रिकाम्या जागांखाली सही करतात. विमा कायद्याच्या ४५व्या कलमानुसार पॉलिसीवर शंका घेण्यासाठी कंपनीला तीन वर्षे असतात, आणि ती तीन वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. पंधरा वर्षे जुनी पॉलिसी गेल्या वर्षी पुनरुज्जीवित केली असेल, तर त्या निवेदनापुरती ती वर्षाचीच पॉलिसी आहे.

हे सारे विमेदार हयात असताना तपासणे सोपे. तो गेल्यावर कुटुंब शाखेत जाते तेव्हा खिडकीवरचा कर्मचारी आजची स्थिती सांगतो: ‘पॉलिसी लॅप्स आहे.’ ते खरेच असते, कारण मृत्यूनंतर कुणी हप्ते भरत नाही. घरचे लोक तेवढे ऐकून परततात. तिथे विचारायची गोष्ट दुसरी असते: मृत्यूच्या दिवशी एफयूपी काय होती, त्या दिवसापर्यंत एकूण किती हप्ते जमा होते, आणि हप्ता मासिक की सहामाही. ही तीन उत्तरे लेखी मागावीत. त्यांच्याशेजारी मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख ठेवली की मृत्यू मुदतीत बसतो, सहा किंवा बारा महिन्यांच्या सवलतीत बसतो, की पेड-अपच्या रकमेवर थांबतो, ते घरच्या घरी मोजता येते. आणि हे मोजून होईपर्यंत, कुणी कितीही घाईने सांगितले तरी, थकलेला हप्ता भरायला पैसे पाठवू नयेत. मार्च २०१२च्या त्या घरात तो हप्ता अपघातानंतर तीन दिवसांनी भरला गेला होता.